एकसष्ट स्लाइड्स आणि एक मास्तर

वॉर्डात तिला सगळे टाचणीताई म्हणत. स्वेटरच्या बाहीला कायम पाच-सहा टाचण्या टोचलेल्या असायच्या, आणि कुठे सुटा कागद दिसला की तो त्याच्या जोडीदाराला नेऊन टोचल्याशिवाय बाईला चैन पडायचं नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माणसांना पुन्हा उभं करणारा चोवीस खाटांचा तो वॉर्ड, आणि त्याच्या तोंडाशी काचेच्या खोलीत अठरा वर्षं बसलेली ही कारकून. नेमणूक अजून तात्पुरतीच होती. तात्पुरत्या नेमणुकीवर केस पांढरे करणारी माणसं जगात बरीच असतात, त्यांच्यातली ती एक.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिच्या कॉम्प्युटरवर चार फायली येऊन पडल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांच्या बावीस स्लाइड्स, फिजिओच्या सतरा, इनचार्ज सिस्टरच्या नऊ, समाजसेविकेच्या तेरा. एकूण एकसष्ट. दुपारी तीन वाजता हॉस्पिटलची समिती बसणार होती, तिच्यापुढे पंधरा मिनिटं मिळणार होती, आणि त्या पंधरा मिनिटांत वॉर्ड ठेवायचा की बंद करायचा ते ठरणार होतं.

"ताई, फक्त एकामागे एक चिकटवून टाका," मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले. "सगळ्यांनी मेहनत घेतलीय. कुणाचं काही काढू नका."

"मागच्या वर्षी चिकटवलं होतं," ती म्हणाली.

डॉक्टर घड्याळ बघत निघून गेले. मागच्या वर्षी तिनं सांगितल्याबरहुकूम चारही फायली एकापुढे एक लावल्या होत्या. समितीनं एकाच वॉर्डाचा नकाशा चार वेळा पाहिला. मेंदूत रक्ताची गुठळी कशी अडकते तेही तीनदा पाहिलं, दर वेळी वेगळ्या रंगाच्या मेंदूत. मधेच चार ठिकाणी फुलांच्या चित्रासह "धन्यवाद" आलं, आणि दर धन्यवादला लोक संपलं समजून खुर्च्या सरकवायला लागले. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "वर्षभरात रुग्ण किती?" चौघांनी चार आकडे सांगितले. त्यानंतर महिन्याभरात वॉर्डाचं नाव बंद करायच्या यादीत गेलं. कुणी तिला बोल लावला नाही. पण त्या चिकटवण्यात हात आपले होते, हे ती विसरली नव्हती. वॉर्ड आपल्यामुळे गेला तर आपण या दारातून परत आत यायचं कुठल्या तोंडानं, हा प्रश्न वर्षभर तिच्या मनात होता.

तिनं दार लावून घेतलं आणि कामाला लागली.

चारही फायली एका कोऱ्या फाइलमध्ये ओढल्या, तर पडद्यावर जत्रा भरली. डॉक्टरांची गडद निळी पार्श्वभूमी, समाजसेविकेची गुलाबी, फिजिओच्या प्रत्येक ओळीला उड्या मारत येण्याची सवय. मूळ सजावट तशीच ठेवायची का, असं मशीन विचारत होतं. तिनं सगळ्यांवर एकच पांढरा साचा घातला. तशी अक्षरं फुगली, चौकटीबाहेर सांडली, आणि डॉक्टरांचा एक तक्ता निळ्यावर पांढऱ्यानं लिहिलेला असल्यामुळे पांढऱ्यावर पांढरा होऊन गायबच झाला. उड्या मात्र तिनं एका फटक्यात बंद केल्या. फिजिओच्या आलेखाची तर वेगळीच गंमत. त्यातले आकडे बदलायला गेली तर मशीन म्हणे मूळ फाइल सापडत नाही, कारण ती फिजिओच्या घरच्या लॅपटॉपवर होती. मग आकडे विचारून घेऊन तिनं आलेख हातानं नव्यानं काढला.

दहा वाजता ती पडद्यासमोरून उठली. जेवणाची जुनी पथ्यकार्डं ती कधी टाकत नसे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तिनं प्रत्येक स्लाइडचं म्हणणं एका वाक्यात लिहायला घेतलं. विषय नव्हे, म्हणणं. "फिजिओथेरपी विभाग" असं नुसतं शीर्षक तिला खपायचं नाही. विभागाचं काय, ते सांगा ना! एकसष्ट कार्डं जमिनीवर मांडली आणि एकसारखं बोलणारी एकमेकांवर ठेवत गेली. तासाभरात गठ्ठे उरले एकोणीस. म्हणजे चार शहाण्या माणसांनी मिळून एकोणीस गोष्टी एकसष्ट वेळा सांगितल्या होत्या.

आकड्यांचा घोळ सोडवायला तिनं सिस्टरला बोलावलं. डॉक्टरांचे रुग्ण दोनशे बारा, फिजिओचे दोनशे अडतीस, समाजसेविकेचे दोनशे साठ आणि सिस्टरचे दोनशे पाच.

"माझा सगळ्यात कमी आहे म्हणून चुकीचा समजू नकोस हं," सिस्टर रजिस्टर आपटत म्हणाली. "मी स्वतः मोजलेत."

दोघींनी रजिस्टरवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. फिजिओचं वर्ष एप्रिलला सुरू होत होतं, बाकीच्यांचं जानेवारीला. समाजसेविकेनं नुसता सल्ला घ्यायला आलेली कुटुंबंही धरली होती. डॉक्टरांनी भरती मोजल्या होत्या, आणि सात जण वर्षात दोनदा भरती झाले होते. सिस्टरनं माणसं मोजली होती.

"दोनशे पाच," टाचणीताई म्हणाली. "सगळीकडे हाच जाणार. जानेवारी ते डिसेंबर, माणशी एकदा."

"आता फिजिओ रुसणार," सिस्टर म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

साडेअकराला ती यशोगाथांपाशी आली. प्रत्येक विभागानं आपला एकेक बरा झालेला रुग्ण दिला होता. नावं द्यायची नाहीत असा नियम, म्हणून डॉक्टरांचा "रुग्ण क", फिजिओची "केस चौदा", सिस्टरची "खाट नऊ" आणि समाजसेविकेचे "श्री. अ." फोटोंत डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. चार यशोगाथा म्हणजे चार खांब, त्यांवर गोष्ट उभी करू, असा तिचा बेत होता. कार्डं ओळीनं मांडली. रुग्ण क, वय अठ्ठावन्न, उजवी बाजू लुळी. केस चौदा, अठ्ठावन्न, नवव्या आठवड्यात काठीनं चालला. खाट नऊ, पाठीला एकही जखम नाही. श्री. अ., व्यवसाय शिवणकाम, पुन्हा मशीनवर बसले.

फिजिओच्या फोटोत त्या माणसाच्या गळ्यात मोजायची टेप होती. सिस्टरच्या फोटोतही खाटेच्या गजाला तीच पिवळी टेप लोंबत होती.

"अरे देवा," ती एकटीच म्हणाली. "हे तर मास्तर!"

चारही जण एकच होते. शिंपीकाम करणारे, सगळा वॉर्ड ज्यांना मास्तर म्हणे ते. हात थोडा वळायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते तिच्या पिशवीचा तुटलेला बंद शिवून देण्याचं, त्याच उजव्या हातानं, दोन दिवस लावून. पिशवी आत्ताही तिच्या खुर्चीला अडकवलेली होती.

चार खांब म्हणून जे मोजले होते, ते एकाच खांबाला चार बाजूंनी दिलेले चार रंग निघाले. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"चारही ठेवा ना," डॉक्टर म्हणाले. "डोळे झाकलेत. समितीला काय कळणार?"

"मला कळलं. त्यांनाही कळेल."

फोन ठेवून तिनं चारही कार्डं पुन्हा ओळीनं लावली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हताश झालो ते उगाच. एकच माणूस चार हातांतून गेला होता. तो आडवा आला, सिस्टरनं त्याला कुशीवर वळवलं, डॉक्टरांनी औषध बसवलं, फिजिओनं उभं केलं, समाजसेविकेनं त्याच्या घरी जाऊन मशीन पायाऐवजी बटणावर चालेल असं करून दिलं. यातला एक हात काढला असता तर मास्तर उठले नसते. वॉर्ड वेगळा का हवा, याचं याहून सरळ उत्तर नव्हतं. तिनं गोष्ट मास्तरांच्या पावलांवर लावली. नकाशा एकदा, मेंदू एकदा, दोनशे पाच एकदा, बाकी सगळं मास्तरांच्या वाटेवर जिथे लागेल तिथे. जे वाटेत येत नव्हतं ते शेवटी जोडपत्रात, कुणी विचारलं तर दाखवायला. एक वाजता तेरा स्लाइड्स उभ्या होत्या. नुसती शीर्षकं वाचली तरी गोष्ट कळत होती. तिनं ती मोठ्यानं वाचली. अठरा वर्षांत स्वतःच्या कामाचा इतका अभिमान तिला वाटला नव्हता.

तेराव्या स्लाइडवर एक छोटी गोष्ट उरली होती. चौघांच्याही फायलीत शेवटी "पुढील पाठपुरावा" अशी एकेक चौकट होती. चार नकोत, एक ठेवायची. पण कुणाची?

डॉक्टरांच्या चौकटीत लिहिलं होतं, फिजिओ करतील. फिजिओच्या चौकटीत, समाजसेविका. समाजसेविकेच्या चौकटीत, वॉर्डातून सिस्टर फोन करतील. सिस्टरच्या चौकटीत, डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण तपासणीत.

तिनं चार कार्डं जमिनीवर मांडली. त्यांचं एक छान वर्तुळ झालं, आणि मध्ये कुणीच नव्हतं. एकेकाची फाइल वेगळी असताना प्रत्येकाची चौकट बरोबर दिसत होती. शेजारीशेजारी ठेवल्याबरोबर पोकळी दिसली.

तिच्या वडिलांना याच वॉर्डानं चालत घरी पाठवलं होतं. चार महिन्यांनी ते परत आले ते स्ट्रेचरवरून, आणि मग गेले. मधल्या काळात कुणाचा फोन आला नव्हता. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. वडील गेल्यावर तेव्हाच्या सिस्टरनं हिला कागद लावायला म्हणून ठेवून घेतलं, आणि पुन्हा कुणाचं असं होऊ नये म्हणून ती कागद कागदाला जोडत बसली. अठरा वर्षं टाचण्या टोचून शेवटी हे.

तिनं मास्तरांच्या घरी फोन लावला. फोटो दाखवायला परवानगी विचारायची, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"वॉर्डातून बोलतेय. मास्तर कसे आहेत?"

पलीकडे मास्तरांच्या बायको होत्या.

"पडून आहेत, ताई."

"म्हणजे?"

"तुमच्याकडून आले तेव्हा छान होते. दोन महिने मशीनवर बसले. मग पायाला लावायचा तो पट्टा तुटला. त्यांनी स्वतःच शिवला. शिंपी ना! पण घट्ट शिवला, घोट्याला जखम झाली. म्हणून पट्टा लावायचं सोडलं. मग पाय अडकून जिन्यात पडले. तेव्हापासून उठायलाच घाबरतात. दोन महिने झाले."

"अहो, मग आम्हाला कळवायचं नाही का?"

"आम्हाला वाटलं तुम्ही फोन कराल," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तसं सांगितलं होतं ना निघताना. चौघांनीही सांगितलं होतं."

पावणेदोनला तिनं चौघांना आपल्या खोलीत बोलावलं. सहाव्या माणसाला उभं राहायलाही जागा नव्हती. जमिनीवरची चार कार्डं तिनं दाखवली, फोनवरचं सांगितलं. समाजसेविका मटकन खुर्चीत बसली. फिजिओ म्हणाला, "माझ्या चौकटीत स्पष्ट लिहिलंय," आणि स्वतःच थांबला.

तिनं चौदावी स्लाइड करून ठेवली होती. वर शीर्षक, "मास्तर आज पुन्हा खाटेवर आहेत, कारण घरी गेल्यावर ते आमच्यापैकी कुणाचेच नव्हते." खाली एकच मागणी. घरी गेलेल्या रुग्णांसाठी एक माणूस, एक फोन, आठवड्याला एक फेरी.

"ही काढा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"खरं आहे ते."

"ताई, मी खोटं म्हणत नाहीये. पण आज तीन वाजता ते वॉर्डाचा गळा धरायला बसणार आहेत, आणि तुम्ही त्यांच्या हातात दोरी देताय." त्यांचा आवाज फुटला. हा माणूस कधी असा बोलत नसे. "वॉर्ड राहिला तर उद्या सुधारू. वॉर्डच नसला तर मास्तरांना आणायचं कुठे?"

तिनं स्लाइड पुसली नाही, लपवली. लपवलेली स्लाइड फाइलमध्ये असते, दाखवताना आपोआप येत नाही, तिचा क्रमांक दाबला तरच येते. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं.

तीन वाजता लांब टेबलाच्या कोपऱ्यात लॅपटॉपपाशी ती बसली. डॉक्टर बोलू लागले. मास्तर आडवे आले, वळले, बसले, उभे राहिले. समितीतल्या एकानंही फोनकडे पाहिलं नाही. रुग्ण किती, असं विचारलं गेलं तेव्हा चौघांच्या तोंडून एकदमच दोनशे पाच निघालं. मास्तरांचा मशीनवरचा फोटो आला तेव्हा अध्यक्षबाई पुढे वाकून बघत होत्या.

"फार छान," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मला तुमचा वॉर्ड कळला. आता कसे आहेत हे गृहस्थ?"

डॉक्टर म्हणाले, "घरी आहेत." पाणी प्यायले. "बरे असावेत."

असावेत. टाचणीताईच्या कानात मास्तरांच्या बायकोचा आवाज होता. वॉर्ड वाचत होता, तिच्या डोळ्यांदेखत वाचत होता, गप्प बसण्याखेरीज तिला काहीच करायचं नव्हतं. सोबत आणून खुर्चीला अडकवलेल्या पिशवीच्या बंदावरून तिचं बोट फिरलं. वेड्यावाकड्या टाक्यांचा तो शिवलेला भाग खरखरीत लागला.

तिनं आकड्यांची दोन बटणं दाबली, एक आणि चार, आणि मग एंटर.

चौदावी स्लाइड पडद्यावर आली. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "बाकीचे दोनशे चार कसे आहेत?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. या प्रश्नाचा एकही आकडा कुणाकडे नव्हता, चुकीचासुद्धा.

चार वाजून दहा मिनिटांनी निर्णय झाला. सहा आठवड्यांत वॉर्ड बंद, खाटा सामान्य विभागात. अध्यक्षबाई निघताना तिच्यापाशी थांबल्या. "इतकं स्पष्ट सादरीकरण मी इथे पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. त्यामुळे तर ते जास्तच लागलं.

परतताना कॉरिडॉरमध्ये डॉक्टर एवढंच बोलले, "तुम्ही बंद केलात वॉर्ड." तिनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वडिलांसाठी धरून ठेवलेलं दार तिनं स्वतःच्या बोटानं लावून टाकलं होतं. काचेच्या खोलीत येऊन ती जमिनीवर बसली, कार्डांच्या मधोमध, आणि तोंडावर स्वेटरची बाही दाबून रडली. एक टाचणी गालाला टोचली, तेही तिला उशिरा कळलं.

मग ती उठली. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. तिनं रजिस्टर उघडलं आणि दोनशे पाच नावं एका यादीत घेतली, माणशी एकदा, आणि प्रत्येक नावासमोर फोन करणाऱ्या एकाच माणसाचं नाव लिहिलं. नऊ नंबरची खाट रिकामी होती. मास्तरांना आणायला गाडी पाठवायची चिठ्ठी तिनं पहिली लिहिली आणि सहीसाठी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वर न बघता सही केली. मग यादीकडे पाहिलं, आपल्या नावाची पानं वेगळी काढली आणि ड्रॉवरमधून चष्मा घेतला.

ती आपल्या जागेवर आली आणि यादीतला पहिला, रुग्णाच्या मुलीचा म्हणून नोंदलेला नंबर फिरवला.

"वॉर्डातून बोलतेय. तुमचे वडील कसे आहेत?"

पलीकडे एक मुलगी होती. तिचा आवाज ऐकून टाचणीताईला वाटलं, आपणच बोलतोय, अठरा वर्षांपूर्वीच्या आपण.

"वडील?" मुलगी म्हणाली. "आत्ता विचारताय?"

"हो," टाचणीताई म्हणाली. "उशीर झालाय. सांगा."